प्लंबरला काय लिहाल?

‘बाथरूममध्ये लीकेज आहे, लवकर या.’ प्लंबरच्या मोबाइलवर असे निरोप सतत येत असतात. तो येतो. पिशवीत पाइप पाना, टेफ्लॉन टेप, दोन-तीन अँगल कॉक आणि वॉशर असतात. घरात आल्यावर त्याला कळतं, की नळ किंवा शॉवर काहीच गळत नाहीये. छतातून पाणी ठिबकतंय, आणि त्या छतावर दुसऱ्या कुणाचं तरी घर आहे. त्या घराला कुलूप. डक्टची जाळी उघडायची तर किल्ली सोसायटीच्या ऑफिसात, आणि ऑफिस संध्याकाळी सहाला उघडणार. ‘वरून येतंय’ एवढं सांगून तो व्हिजिटचे पैसे घेतो आणि जातो. पुढच्या खेपेला वरचे लोक घरात असतात, तर छत कोरडं ठणठणीत.

यात त्याचं काही चुकत नाही. गळती शोधायचं निम्मं काम गळतीकडे लक्ष ठेवण्याचं असतं, आणि ते चोवीस तास त्या घरात राहणाराच करू शकतो. प्लंबर तासभर थांबतो, त्या तासात ठिबक पडेलच असं नाही. म्हणून पाच-सहा दिवस आपण काय पाहिलं ते नेमकं लिहून पाठवलं, तर तो योग्य सामान घेऊन, योग्य वेळी, योग्य घरी येतो. आणि फार महत्त्वाचं म्हणजे, गरज नसेल तर कुणाच्या टाइल्स फोडत नाही.

यासाठी आपल्याकडच्या फ्लॅटमधलं बाथरूम आतून कसं असतं, हे थोडं माहीत हवं. बऱ्याच इमारतींत बाथरूमखालचा स्लॅब बाकी घरापेक्षा साधारण फूटभर खाली घेतलेला असतो. याला बांधकामातले लोक संकन स्लॅब म्हणतात. त्या खड्ड्यात आधी वॉटरप्रूफिंग करतात, मग सांडपाण्याचे पाइप आणि नहाणी ट्रॅप बसवतात, वर विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा कोबा भरतात आणि त्यावर टाइल्स लावतात. टाइल्स आणि स्लॅब यांच्यामध्ये अशी जाड, भुसभुशीत भर असते. पाणी तिच्यात शिरलं की तिथे साठून राहतं आणि सवडीने स्लॅबमधल्या एखाद्या बारीक भेगेतून खाली उतरतं. म्हणजे खालच्या छतावर जिथे थेंब दिसतो, तिथेच वर पाइप फुटलाय असं म्हणता येत नाही. आणि थेंब आत्ता दिसला म्हणून पाणी आत्ताच गळालं, असंही म्हणता येत नाही.

काही नव्या इमारतींत स्लॅब असा खाली घेतलेला नसतो. तिथे वरच्या बाथरूमचे पाइप स्लॅबमधून खाली काढून आपल्या छताला टांगलेले असतात, आणि ते दिसू नयेत म्हणून फॉल्स सीलिंग लावलेलं असतं. दुरुस्तीच्या दृष्टीने या दोन प्रकारांत फार मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात प्लंबर आपल्याच बाथरूममध्ये शिडी लावून सांधा बदलू शकतो, वर काही फोडावं लागत नाही. म्हणून फॉल्स सीलिंग असेल तर त्याची झडप उघडून आत बॅटरीचा उजेड टाकावा आणि पाइप दिसतात की नुसता स्लॅब, हे निरोपात लिहावं. फॉल्स सीलिंगवर पडलेलं पाणी उताराने भलतीकडेच जाऊन बाहेर पडतं. त्यामुळे त्याच्या पत्र्यावरची जागा कळवून उपयोग नाही, वरच्या स्लॅबवरचीच जागा कळवावी.

बाथरूममध्ये पाणी तीन वाटांनी येतं-जातं, आणि तिघांच्या गळतीच्या वेळा वेगळ्या असतात. गच्चीवरच्या टाकीतून नळांपर्यंत येणाऱ्या पाइपांत पाण्याचा दाब सतत असतो. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार असा हा दाब वाढतो, म्हणून सात मजली इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर तो चांगलाच असतो. या पाइपाचा सांधा गळत असेल तर नळ कुणी उघडो न उघडो, गळती चालूच राहते. मध्यरात्री सगळी इमारत झोपलेली असताना दाब उलट किंचित वाढतो, तेव्हा ठिबकही जोरात असू शकते. सांडपाण्याच्या पाइपाचं याच्या उलट. त्यातून पाणी वाहील तेव्हाच तो गळतो, एरवी कोरडा. तिसरी वाट टाइल्सच्या सांध्यांची. अंघोळीचं पाणी जमिनीवर पसरतं, सांध्यांतून आत झिरपतं, कोब्यात मुरतं. ही गळती संथ असते, वापरानंतर काही तासांनी दिसते आणि वापर थांबवला तरी दोन-दोन, तीन-तीन दिवस ओल हटत नाही. फक्त पावसाळ्यात, बाहेरच्या भिंतीच्या बाजूने येणारी ओल हा निराळाच प्रकार आहे, आणि त्यासाठी बोलवायचा माणूस प्लंबर नसतोच.

म्हणून मला वाटतं, निरोपात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. जागा तर फोटोतूनही कळते. वेळ मात्र आपण लिहिली नाही तर कुणालाच कळत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. पुण्यातली सात मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बाथरूमच्या छताला डक्टच्या भिंतीजवळ ताटाएवढा ओला डाग पडलाय आणि तिथून पाणी ठिबकतं. वर चौथ्या मजल्यावर आजी-आजोबा, मुलगा, सून आणि शाळेत जाणारा नातू असं घर. त्यांच्याशी संबंध चांगले आहेत, पण ‘आमच्याकडे तर काहीच गळत नाही हो’ हे त्यांचं म्हणणं आहे. ते खरंच आहे, कारण त्यांच्या जमिनीखाली गळणारं पाणी त्यांना दिसणारच नाही. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी भलेपणाने मिस्त्री बोलावून टाइल्सच्या सांध्यांत व्हाइट सिमेंट भरून घेतलं. आठवडाभर ठिबक कमी वाटली, मग पुन्हा सुरू.

खालच्या घरातल्यांनी पहिलं काम केलं ते पेन्सिलीचं. ओल्या डागाच्या कडेने रेघ ओढली आणि तिच्याशेजारी तारीख-वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी डाग रेघेबाहेर गेला तर वाढतोय, आत आला तर आटतोय. नुसत्या नजरेने पाहिलं तर डाग रोज वाढल्यासारखाच वाटतो. मग दाराला एक कागद चिकटवला आणि ठिबक सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ जो पाहील त्याने त्यावर लिहायची, असं ठरलं. खाली स्टीलचं पातेलं ठेवलं, म्हणजे पाणी किती येतं ते मोजता यावं. मिनिटाला ३० थेंब हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण साधारण २० थेंबांचा एक मिलिलीटर धरला तर तेवढीच ठिबक दिवसभर चालल्यास दोन लीटरच्या वर पाणी होतं.

तीन दिवसांत कागदावर जे उमटलं ते असं. ठिबक सकाळी सव्वासातच्या सुमारास सुरू होते, अकराच्या आसपास थांबते. संध्याकाळी आठला पुन्हा थोडी. रात्री काही नाही. रविवारी मात्र सकाळी नऊपर्यंत छत कोरडं, आणि ठिबक साडेनऊला सुरू. वरच्या सूनबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘शाळेच्या दिवशी आमच्या अंघोळी सातला सुरू होतात, रविवारी सगळे उशिरा उठतात.’

रात्री ठिबक नाही म्हणजे नळाचा पाइप निर्दोष, असं लगेच म्हणता येतं का? इथे एक खाच आहे. पुण्या-मुंबईतल्या काही सोसायट्या पाणी वाचवायला गच्चीवरचा व्हॉल्व रात्री बंद ठेवतात. अशा ठिकाणी रात्री पाइपांत दाबच नसतो, त्यामुळे फुटका पाइपही रात्री गप्प राहतो आणि सकाळी पाणी सोडल्यावर गळायला लागतो. वेळापत्रक अगदी सांडपाण्यासारखंच दिसतं. म्हणून या लोकांनी रात्री दोनला उठून आपल्या बाथरूमचा नळ उघडून पाहिला. पाणी पूर्ण जोराने येत होतं आणि छत कोरडं होतं. दुपारी बारा ते संध्याकाळी सातपर्यंतही पाणी चालू, छत कोरडं. आता दाबाचा पाइप बाजूला काढायला आधार मिळाला. हे एक वाक्य निरोपात असलं, की प्लंबर भिंत फोडून पाइप शोधायच्या वाटेला जात नाही.

उलट, चोवीस तास सारखीच ठिबक असती तर पुढची तपासणी वेगळी करावी लागली असती. वरच्या बाथरूमचा व्हॉल्व सात-आठ तास बंद ठेवायचा आणि ठिबक मंदावते का पाहायचं. मंदावली तर व्हॉल्व उघडून फक्त गिझरच्या खालचा पाणी आत जायचा अँगल कॉक बंद करायचा. त्याने गरम पाण्याच्या पाइपांतला दाब जातो, थंडचा राहतो. या खेपेलाही ठिबक मंदावली तर दोष गरम पाण्याच्या बाजूला आहे. हे करताना गिझरचं बटण बंद असलंच पाहिजे. आणि जुना व्हॉल्व फिरत नसेल तर जोर लावू नये. त्याचा दांडा तुटला तर गळतीपेक्षा मोठं संकट उभं राहतं. ‘बाथरूमचा व्हॉल्व जाम आहे, पाणी गच्चीवरूनच बंद करावं लागेल’ ही माहिती प्लंबरला आधी मिळाली पाहिजे, कारण मग वॉचमन, गच्चीची किल्ली आणि त्या लाइनीवरच्या इतर घरांना पूर्वसूचना, सगळंच लागतं.

आपल्या उदाहरणात संशय आता सांडपाण्यावर आणि टाइल्सवर होता. वरच्यांच्या परवानगीने चार दिवसांत तीन तपासण्या झाल्या. यातला एक नियम कटाक्षाने पाळला गेला. एका दिवशी एकच तपासणी, आणि आधीच्या तपासणीची ठिबक पूर्ण थांबल्याशिवाय दुसरी नाही. कोब्यात साठलेलं कालचं पाणी आज उतरतं आणि त्याचा आळ आजच्या तपासणीवर येतो. घाईने सगळं एका सकाळी करून पाहिलं तर नुसता गोंधळ हाती लागतो.

पहिल्या दिवशी दुपारी, बाथरूम कोरडं असताना, कमोडचा फ्लश पाच-पाच मिनिटांनी तीनदा ओढला. तासभर वाट पाहिली. खाली काही नाही. कमोडचा पाइप जाडजूड आणि वेगळा असतो, आणि तो गळत असता तर एव्हाना वासही आला असता.

दुसऱ्या रात्री टाइल्सची तपासणी झाली. नहाणी ट्रॅपची जाळी काढून आतलं तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद केलं. जमिनीवर तीन-चार बादल्या पाणी सोडून ते उंबऱ्याच्या आत साधारण इंचभर उभं राहू दिलं. जाळीभोवतीची कडही पाण्याखाली राहील हे पाहिलं, कारण टाइल आणि ट्रॅप यांच्यामधल्या त्या फटीतून पाणी झिरपणं ही नेहमीची तक्रार असते. रात्री दहा ते सकाळी सहा बाथरूम कुणी वापरलं नाही. सहाला खाली छत कोरडं होतं. मग बोळा काढला, सगळं पाणी एकदम ट्रॅपमधून गेलं, आणि सहा वाजून बारा मिनिटांनी खाली पहिला थेंब पडला.

त्या एका बोळ्याने बरंच काही सांगितलं. आठ तास उभं पाणी टाइल्सच्या सांध्यांतून उतरलं नाही, जाळीच्या कडेच्या फटीतूनही नाही. तेच पाणी ट्रॅपमध्ये गेल्यावर मात्र बारा मिनिटांत खाली आलं. दोन महिन्यांपूर्वी भरलेलं व्हाइट सिमेंट का उपयोगी पडलं नाही, हेही इथे उलगडतं. ‘आठवडाभर कमी वाटलं’ याचं कारण बहुधा साधं होतं. सिमेंट वाळेपर्यंत दोन-तीन दिवस त्या बाथरूममध्ये कुणी अंघोळच केली नव्हती. या तपासणीला मर्यादाही आहे. आठ तासांत उतरलं नाही म्हणजे वॉटरप्रूफिंग निर्दोष असं ठरत नाही, त्याची रीतसर परीक्षा २४ ते ४८ तास पाणी उभं करून करतात. पण रोज सव्वासातला सुरू होणारी ठिबक टाइल्समधून येत नाही, एवढं म्हणायला ती पुरेशी आहे.

तिसरी तपासणी वॉश बेसिनची. बऱ्याच बाथरूममध्ये बेसिनचं सांडपाणी जमिनीखालून नहाणी ट्रॅपलाच जोडलेलं असतं. बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडलं. जमीन पूर्ण कोरडी होती. तेरा-चौदा मिनिटांत खाली ठिबक. पुढच्या दिवशी तिथूनच एक मग पाणी हळूहळू सोडलं, तेव्हा काहीच आलं नाही. थोडं पाणी पाइपाच्या तळातून वाहून जातं आणि गळत नाही, एकदम आलेलं पाणी पाइप भरून वाहतं आणि गळतं. यावरून दोन शक्यता उरतात. एक तर सांधा वरच्या बाजूला सुटलेला असेल, किंवा पुढे पाइप अर्धवट चोक झाल्याने पाणी मागे तुंबून सांध्यापर्यंत चढत असेल. यातली कोणती, हे ठरवणं घरच्यांचं काम नाही. त्यांनी पाहिलेलं सांगायचं आणि निदान प्लंबरवर सोडायचं.

हे अखेरचं जरा आग्रहाने सांगावंसं वाटतं. ‘ट्रॅप बदलायचाय, किती घ्याल?’ असं विचारलं तर समोरचा ट्रॅप बदलण्याचा भाव सांगतो, येतो, ट्रॅप बदलून जातो. त्याने सांगितलेलं काम चोख केलेलं असतं. गळती ट्रॅपच्या पुढच्या सांध्यात असेल तर ती तशीच राहते आणि वरच्यांच्या नव्या टाइल्स दुसऱ्यांदा फुटतात.

आता तो निरोप. कागदावरच्या नोंदी हाताशी असल्या की तो लिहायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

‘नमस्कार दादा. फ्लॅट ३०२, तिसरा मजला, एकूण सात मजले. कॉमन बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकतंय. फॉल्स सीलिंग नाही, वर पाइप दिसत नाहीत, नुसता स्लॅब आहे.

जागा : दारातून आत तोंड करून उभं राहिल्यावर समोरची भिंत डक्टची. त्या भिंतीपासून १ फूट आणि उजव्या भिंतीपासून २ फूट. वर ४०२ मध्ये साधारण तिथेच नहाणी ट्रॅप आहे. डाग ताटाएवढा, पाणी स्वच्छ, किंचित साबणाचा वास. लाइटपासून लांब आहे.

वेळ : तीन आठवड्यांपासून जास्त. रोज सकाळी सव्वासात ते अकरा, संध्याकाळी आठनंतर थोडं. सगळ्यात जोरात असताना मिनिटाला ३० थेंब. रात्री आणि दुपारी बंद. टाकीचं पाणी चोवीस तास चालू असतं, रात्री दोनला नळ उघडून खात्री केली आहे.

करून पाहिलं : दोन महिन्यांपूर्वी ४०२ मध्ये टाइल्सच्या सांध्यांत व्हाइट सिमेंट भरलं, फरक पडला नाही. फ्लश तीनदा ओढला, तासभर काही नाही. ट्रॅप बंद करून रात्री दहा ते सकाळी सहा जमिनीवर इंचभर पाणी ठेवलं, काही नाही. बोळा काढल्यावर १२ मिनिटांत ठिबक. जमीन कोरडी ठेवून बेसिन भरून सोडलं, तरी १३-१४ मिनिटांत ठिबक. हळूहळू एक मग सोडला तर काही नाही. एमसील किंवा दुसरं काही लावलेलं नाही.

४०२ चे लोक तयार आहेत, शनिवारी दहा ते पाच घरी आहेत. डक्टची किल्ली वॉचमनकडून आणून ठेवू. ४०२ कडे जुन्या सहा टाइल्स शिल्लक आहेत. आधी पाहायला या, फोडायचं की नाही ते पाहून ठरवू. दोन फोटो आणि व्हिडिओ सोबत पाठवतोय.’

जागा सांगताना ‘डावीकडे’ एवढंच लिहिलं तर कुणाची डावी, हा प्रश्न राहतो. दारातून आत तोंड करून उभं राहायचं आणि दोन भिंतींपासून माप द्यायचं, हे सगळ्यात सोपं. दोन्ही मजल्यांवरची बाथरूमं एकावर एक असतात, त्यामुळे तेच माप वर जाऊन लावता येतं. फोटोंपैकी एक दारातून सगळं बाथरूम दिसेल असा, दुसरा डागाचा जवळून, पेन्सिलीच्या रेघेसह. नुसता जवळून काढलेला फोटो पाहून ते छत आहे की भिंत, हेही ओळखता येत नाही. डागाचा रंगही सांगावा. तपकिरी, गंजासारखा असेल तर जुना लोखंडी पाइप किंवा स्लॅबमधल्या सळया यांच्याकडे लक्ष जातं. पांढरी पावडर धरली असेल तर ओल बऱ्याच दिवसांची आहे.

पाणी दिव्याच्या, गिझरच्या किंवा स्विचबोर्डच्या जवळ येत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्या जागेचा एमसीबी खाली पाडावा, तपासण्या करत बसू नये आणि निरोपाचं पहिलंच वाक्य ते असावं. अशा कामाला प्लंबर इतर कामं मागे टाकून येतो, आणि लागलं तर इलेक्ट्रिशियनलाही सोबत आणतो.

‘करून पाहिलं’ या भागात आपण लावलेल्या मलमपट्ट्याही प्रामाणिकपणे लिहायच्या. छताच्या भेगेत एमसील भरलं, डागावर वॉटरप्रूफ रंग मारला, तर पाणी थांबत नाही, ते स्लॅबमध्येच सरकून दुसरी भेग शोधतं. मग प्लंबरला दिसणारी जागा खोटी असते. त्याला हे आधी माहीत असेल तर तो त्या जागेवर विश्वास ठेवत नाही.

आपल्या शहरांत प्लंबिंग करणारे बरेच लोक ओडिशातल्या केंद्रापाडा भागातले आहेत. तिथल्या पट्टामुंडई गावात प्लंबिंगचं शिक्षण देणारी सरकारी संस्थाही आहे आणि तिथली माणसं देशभर या कामाला जातात. यातले अनेकजण मराठी समजतात, बोलतात, पण वाचतातच असं नाही. अशा वेळी हाच निरोप त्याच क्रमाने, शांतपणे, हिंदीत बोलून पाठवावा, आणि फ्लॅट नंबर व वेळा तेवढ्या लिहून द्याव्यात. बोलताना आकडे विसरतात, म्हणून कागद समोर ठेवूनच बोलावं.

खर्च कुणाचा, याची चर्चा प्लंबरच्या निरोपात नको, पण त्याला पाठवण्याआधी ती झालेली बरी. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामायिक पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांची गळती, तसंच पावसाच्या पाण्याची गळती संस्थेने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. सदनिकेच्या आतली दुरुस्ती त्या सदस्याची. त्यामुळे डक्टमधला उभा पाइप गळतो की वरच्यांच्या जमिनीखालचा आडवा, यावर बिल कुणाच्या नावाने जाणार हे अवलंबून असतं. वेळांच्या नोंदींचा कागद इथेही उपयोगी पडतो. तो पाहिल्यावर ‘आमच्याकडे काहीच गळत नाही’ म्हणणारे आजोबाही बोळा काढायला स्वतः पुढे झाले.

निरोप वाचून चांगला प्लंबर दोनच प्रश्न विचारेल. डक्टमध्ये माणूस उतरायला जागा आहे का, आणि आडवा पाइप उभ्या पाइपाला जोडतो तो सांधा बाहेरून दिसतो का? दिसत असेल तर तो आधी तिथे जाईल. ४०२ मधून कुणीतरी बेसिन सोडायचं आणि त्याने बॅटरी घेऊन तो सांधा पाहायचा. तिथे पाणी दिसलं तर सांधा बाहेरूनच काढून नवा बसवता येतो, एकही टाइल न फोडता. तिथे कोरडं असेल तर आधी पाइपात तार घालून चोक काढून पाहायचा आणि बेसिनची तपासणी पुन्हा करायची. तरीही गळलं, तरच ट्रॅपभोवतीच्या चार-सहा टाइल्स फोडून कोबा उकरायचा. शिल्लक टाइल्स आहेत हे निरोपात लिहायचं कारण हेच.

दुरुस्तीनंतर टाइल्स लगेच बसवू देऊ नयेत. ज्या तपासणीने गळती पकडली तीच आधी उघड्या खड्ड्यात करायची. पाइप चिकटवायचं सोल्युशन डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकं सुकू द्यायचं, मग बेसिन भरून सोडायचं, एकदा नव्हे, तीन-चारदा, आणि उघडा सांधा बोटाने चाचपून पाहायचा. तो कोरडा असेल तर वॉटरप्रूफिंग, कोबा आणि टाइल्स. इथे खालच्या घराला एक कल्पना हवी. दुरुस्ती अगदी बरोबर झाली तरी कोब्यात आधीच मुरलेलं पाणी पुढचे काही दिवस उतरत राहतं. पहिल्याच सकाळी थेंब दिसला म्हणून प्लंबरला ओरडून निरोप पाठवू नये. पेन्सिलीने नवी रेघ मारावी, ठिबकेची वेळ पुन्हा लिहावी. सव्वासात-अकराचा तो नेम मोडला असेल, थेंब दिवसभर तुरळक पडत असतील आणि रोज कमी होत असतील, तर ते जुनं पाणी आहे. अंघोळीपाठोपाठ पुन्हा त्याच वेळी ठिबक सुरू झाली, तर सांधा बसलेला नाही, आणि तसं दोन्ही दिवसांच्या वेळांसह लगेच कळवावं. छताला रंग डाग पूर्ण वाळल्यावरच द्यावा. त्याला काही आठवडे लागतात, पावसाळ्यात आणखी जास्त. ओल्या स्लॅबवर दिलेला रंग फुगून पोपडे धरतो, आणि त्याखाली नवी ओल आली तरी ती दिसत नाही.